‘जेवलात का?’ हा दुष्काळाचा प्रश्न नव्हे आणि ‘कुठे निघालात?’ हा चौकशीचा नव्हे

१/ एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरत असतो. चिनी माणसे भेटल्यावर ‘कसे आहात’ऐवजी ‘जेवलात का’ असे विचारतात, कारण त्यांच्या देशाने भयंकर दुष्काळ सोसले, असे तो सांगतो. त्याच्या खाली हमखास दुसरे मत येते : असे प्रश्न निव्वळ उपचार असतात, त्यांना अर्थ नसतो, मान हलवावी आणि पुढे जावे. पहिले मत ऐकायला हृद्य आहे, दुसरे शास्त्रीय वाटते. माझ्या मते दोन्ही चूक आहेत. पहिल्या चुकीने फार बिघडत नाही. दुसरीने बिघडते.

२/ आधी दुष्काळ. १९५९ ते १९६१ या काळात चीनमध्ये कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली, हे खरे आहे. पण ‘जेवलात का’ हे अभिवादन त्या वर्षांत जन्मले असेल, तर तैवानात ते कसे? पेनांग आणि सिंगापूरच्या होक्कियन घरांत कसे? या घरांचे पूर्वज फूच्येनचा किनारा सोडून समुद्रापार गेले ते बहुतांशी एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात. त्यांच्या बोलीत आजही विचारतात, ‘च्या पा ब्वे?’ म्हणजे ‘पोटभर खाल्ले की अजून नाही?’ जो दुष्काळ त्यांनी पाहिला नाही, त्याची आठवण त्यांच्या तोंडी कोठून येणार?

३/ कोणी म्हणेल, तो नाही तर त्याआधीचे दुष्काळ. चीनच्या इतिहासात त्यांची वाण नाही, हे मान्य. मग सयामकडे पाहा. १८५५च्या बाउरिंग तहानंतर ज्या देशाचा तांदूळ जहाजे भरभरून बाहेर जाऊ लागला, त्या भातसंपन्न देशातही माणसे विचारतात, ‘किन खाओ रू यांग?’ म्हणजे ‘भात खाल्ला की अजून नाही?’ उलट आयर्लंडमध्ये १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तरी आयरिश भाषेतले अभिवादन ‘देव तुझ्यासोबत असो’ याच अर्थाचे राहिले. आणि आपण? १६३०-३२, १८७६-७८, १९७२ एवढे सोसूनही आपण भेटल्यावर म्हणतो ‘राम राम’. कारण आणि कार्य यांची गाठ अशी सुटत असेल, तर ते कारण नव्हे. ती गोष्ट आहे, आणि गोष्ट म्हणूनच ती सांगावी.

४/ मग हा प्रश्न आहे तरी काय? त्याचा वापर पाहिला की उलगडतो. चिनी माणूस ‘छ्र ल मा’ दिवसभर कोणालाही विचारीत नाही. तो प्रश्न जेवणाच्या वेळेच्या आगेमागे शोभतो. दुपारच्या मध्यावर तो विचित्र वाटतो आणि शौचालयाच्या दाराशी तर हास्यास्पद. इंग्रज ज्या रीतीने ‘सुप्रभात’ म्हणतो, त्याच रीतीने हा प्रश्न दिवसाची वेळ सांगतो. फरक इतकाच की इथे दिवसाची विभागणी सूर्यावरून होत नाही, पानावरून होते. जिथे ‘भात खाणे’ हाच जेवण्याला प्रतिशब्द आहे, तिथे भाताबद्दल विचारणे म्हणजे धान्याच्या कोठाराची चौकशी नव्हे.

५/ उत्तर ठरलेले आहे : ‘खाल्ले. तुमचे?’ प्रत्यक्षात जेवण झालेले नसले तरी हेच. ‘अजून नाही’ म्हटले की विचारणाऱ्याच्या अंगावर एक जबाबदारी पडते. त्याला ‘मग चला आमच्याकडे’ म्हणावे लागते, आणि मग तुम्हाला ते नम्रपणे नाकारावे लागते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. दारावरून जाताना पंगत बसलेली दिसली की आतून हाक येते, ‘या जेवायला.’ आपण म्हणतो, ‘होऊ द्या सावकाश.’ हाक खोटी नसते आणि नकारही उद्धट नसतो. जो खरोखरच पाट ओढून बसतो त्याला शब्द कळले, पण रीत कळली नाही. मात्र भुकेला वाटसरू बसला, तर त्याला उठवीत नाहीत. त्या हाकेचा खरेपणा इथे आहे.

६/ आता दुसरी चूक. ती एका थोर माणसाच्या नावावर खपते. ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्हस्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीच्या पूर्वेकडील ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. १९२३ साली त्याने एका दीर्घ निबंधात ‘फॅटिक कम्युनियन’ ही संज्ञा मांडली : माहिती देण्यासाठी नव्हे, तर सहवासाचा धागा जुळावा म्हणून केलेले बोलणे. समोरासमोर आलेल्या माणसांमधला मौनाचा ताण मोडण्यासाठी ते लागते, असे तो म्हणाला. त्याची उदाहरणे दोन : इंग्रजांचे हवामानावरचे वाक्य आणि मेलानेशियातला ‘कोठून येतोस?’ हा प्रश्न. दोन्ही त्याने एकाच पारड्यात घातली. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी त्यातला ‘सहवास’ गाळला आणि ‘अर्थहीन’ तेवढे ठेवले.

७/ सुमारे साठ-पासष्ट वर्षांनी, १९८२ मध्ये, गुंटर झेन्फ्ट हा जर्मन भाषाशास्त्रज्ञ त्याच बेटांवर गेला. रोज सकाळी तो आंघोळीसाठी गावाबाहेरच्या गोड्या पाण्याच्या गुहेकडे निघे. वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारी, ‘आम्बेया?’ म्हणजे ‘कुठे?’ पाठ्यपुस्तकात शिकवतात तसेच त्याने केले. हसला, मान डोलावली, पुढे गेला. काही दिवसांनी गावातल्या मित्राने त्याला बाजूला घेऊन समजावले की असे चालत नाही. विचारल्यावर खरे आणि शक्य तितके नेमके सांगायचे. मग तो म्हणू लागला, ‘बाला बाकाकाया बाकाइता बासिसु बापाइसेवा.’ म्हणजे ‘मी जाईन, आंघोळ करीन, परत येईन, इथे राहीन, काम करीन.’ मान डोलावण्याच्या जागी सबंध सकाळचा बेत आला.

८/ का? कारण ती वाट साधी नाही. प्रवाळखडक धारदार असतो, पाय घसरू शकतो, नारळ डोक्यात पडू शकतो, आणि गावकऱ्यांच्या समजुतीप्रमाणे दुष्ट शक्तीही वाटेत असतात. तुम्ही आंघोळीला गेलात हे चार जणांना ठाऊक असेल आणि तुम्ही वेळेत परतला नाहीत, तर शोधायला कुठे जायचे तेही ठाऊक असते. त्या उत्तरातला क्रम पुन्हा पाहा. त्यात जाण्याची जागा आहे, कारण आहे, आणि मुख्य म्हणजे परत येण्याचे आश्वासन आहे. अनुपस्थिती लक्षात यावी अशी ती सोय आहे. आता सांगा, हा प्रश्न अर्थहीन कसा? धागा जुळतो हे मालिनोव्हस्कीचे म्हणणे खरेच होते, पण इथे तो धागा माहितीचाच वळलेला होता.

९/ यावरून ‘कुठे निघालात’ला सगळीकडे खरेच उत्तर द्यावे, असा नियम कोणी काढू नये. मनिलात तोच प्रश्न विचारतात : ‘सान का पुपुन्ता?’ उत्तर येते, ‘दियान लांग’, म्हणजे ‘इथेच जरा’. इंडोनेशियात ‘माउ के माना?’ला ‘जालान-जालान’ म्हणजे ‘सहज फिरायला’ एवढे पुरते. तिथे तुम्ही कोणाकडे, कशासाठी, किती वाजेपर्यंत असे सांगत बसलात, तर विचारणाराच संकोचतो. प्रश्न एकच, पण एकीकडे तपशील हा शिष्टाचार आणि दुसरीकडे मोघमपणा. म्हणून माझे प्रतिपादन असे : अभिवादनाचा अर्थ प्रश्नाच्या शब्दांत शोधू नये. तो समाज कोणते उत्तर पुरेसे मानतो, त्यात शोधावा.

१०/ आपल्याकडे तर याच प्रश्नाची तिसरी तऱ्हा आहे. कामासाठी उंबरठा ओलांडणाऱ्याला ‘कुठे?’ म्हणून टोकू नये, काम होत नाही, अशी जुनी समजूत. म्हणून जाणते माणूस विचारते, ‘किती लांब?’ प्रश्न तोच, पण निषिद्ध शब्द टाळलेला. उत्तरही तसेच : ‘जरा जाऊन येतो.’ ‘जातो’ नव्हे, ‘येतो’. किरिविनाच्या त्या लांबलचक वाक्यातले ‘परत येईन’ आपण एका क्रियापदात बसवले आहे. शब्दांची बंधने वेगळी, काळजी एकच.

११/ आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : या प्रश्नांआडून पाळत ठेवली जाते. कामाला निघालेल्या तरुण मुलीला कोपऱ्यावरचा कोणी रोज ‘कुठे?’ विचारतो, ते अभिवादन नव्हे. पण फरक ओळखता येतो. अभिवादन करणारा चालत राहतो, ठरलेल्या उत्तराने त्याचे समाधान होते आणि तोच प्रश्न तो उलट तुमच्याकडूनही ऐकून घेतो. चौकशी करणारा थांबतो, उत्तरावर दुसरा प्रश्न घालतो आणि स्वतःचे काही सांगत नाही. ‘इथेच जरा’ हे उत्तर याच कसोटीसाठी आहे. त्यावर जो गप्प बसतो तो शेजारी. जो ‘इथे म्हणजे कुठे?’ म्हणतो त्याला उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

१२/ आणि ज्यांना ‘जेवलात का’ हा खासगी आयुष्यात केलेला शिरकाव वाटतो, त्यांनी स्वतःच्या ‘हाउ आर यू’कडे पाहावे. तो तर थेट तुमच्या प्रकृतीबद्दलचा प्रश्न आहे. त्याला ‘दोन दिवस झोप नाही, पोट बिघडले आहे’ असे खरे उत्तर देऊन पाहा. जो समाज देहाची विचारपूस करून उत्तर ऐकायला थांबत नाही, त्याने पानाची विचारपूस करणाऱ्याला असभ्य म्हणावे, यात सभ्यता कोठे आहे?

१३/ तेव्हा उत्तर कसे द्यावे? परक्या गावी पहिले दोन दिवस ऐकावे. तिथली माणसे एकमेकांना काय उत्तर देतात, किती लांब देतात, आणि उलट विचारतात का, एवढे टिपावे. जिथे जेवणाबद्दल विचारतात तिथे ‘झाले, तुमचे?’ बहुधा चुकत नाही. ‘अजून नाही’ म्हणायचे असेल, तर पुढचे आमंत्रण आपण ओढवून घेत आहोत हे जाणून म्हणावे. वाटेबद्दल विचारतात तिथे मोघम उत्तराने सुरुवात करावी. कोणी बाजूला घेऊन ‘नीट सांगत जा’ म्हणाले, तर तो उपकार समजावा.

१४/ एवढेच करू नये : हसून, मान डोलावून पुढे जाऊ नये. शहरांत आज मजल्यावर मजले माणसे एकेकटी राहतात. सकाळी जिन्यात भेटणाऱ्या आजी ‘किती लांब?’ विचारतात आणि आपण कानातले यंत्र न काढता मान हलवतो. एखाद्या दिवशी त्या जिन्यात दिसल्या नाहीत, तर कुठे शोधायचे हे आपल्याला ठाऊक नसते, कारण आपण त्यांना कधी उलट विचारलेलेच नसते. ट्रोब्रियांडच्या त्या मित्राने परक्या माणसाला जे शिकवले, ते आपल्याच जिन्यात आपल्याला कोणी शिकवावे लागू नये.

(समाप्त)