गोल, लंबगोल आणि घोडा

चित्रकला शिकवणाऱ्या पुस्तकांविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती दिवाळीच्या तोंडावर मांडलेलीच बरी. कारण याच दिवसांत ही पुस्तके भेट म्हणून घरोघर जाऊन पडतात. तक्रार अशी, की चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर ज्याला प्रथमच पेन्सिल हाती धरावीशी वाटते, त्याला ही पुस्तके चित्र काढायला शिकवीतच नाहीत. त्या पुस्तकातले चित्र काढायला तेवढे शिकवतात. एखादी भाषा येणे आणि त्या भाषेतले एक वाक्य पाठ असणे, एवढे अंतर या दोहोंत आहे.

या पुस्तकांची तऱ्हा आपण पाहिलीच असेल. पहिल्या चौकटीत दोन गोल. दुसरीत त्यांना जोडणारा एक लंबगोल. तिसरीत चार काड्या. चौथीत काड्यांना मांस चढते आणि पाचव्या चौकटीत आयाळ उडवीत घोडा उभा! आमचे एक स्नेही, आप्पा, टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर अशाच एका पुस्तकाच्या नादी लागले. माणूस चिकाटीचा. दोन महिन्यांत त्यांचा घोडा खरोखरच सुबक निघू लागला. मी एकदा म्हटले, "आप्पा, आता ही समोरची खुर्ची काढा पाहू." आप्पा गोंधळले. म्हणाले, "खुर्ची पुस्तकात नाही हो!"

आप्पांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना जे शिकवले ते त्यांनी चोख केले. त्यांचा घोडा नेहमी डावीकडेच तोंड करून उभा असे, कारण पुस्तकातला तसा होता. रस्त्यावरून जाणाऱ्या टांग्याच्या घोड्याकडे पाहण्याची गरज त्या पुस्तकाने त्यांना कधी पडूच दिली नाही. माझा खरा आक्षेप आहे तो इथेच.

प्रौढ माणसाला चित्र का येत नाही, याचे कारण हातात नसते. जो हात बँकेच्या कागदावर दरवेळी हुबेहूब तीच सही करतो, त्याला एक वाकडी रेघ काढणे अवघड का जावे? अडचण डोळ्यांत असते. किंबहुना डोळ्यांच्या आधी पुढे धावणाऱ्या ज्ञानात असते. आपण सर्वांनी लहानपणी दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर झोपडी असे चित्र काढलेले आहे. कोकणातल्या मुलाने काढले आणि विदर्भातल्या सपाटीवरच्या मुलानेही तेच काढले. तो डोंगर कोणी पाहिलेला नव्हता. ती डोंगराची खूण होती. डोळा म्हणजे बदाम, झाड म्हणजे दांड्यावरचा ढग, अशा खुणांची एक पेटी आपण दहाव्या-बाराव्या वर्षी बंद करतो आणि पन्नासाव्या वर्षी तशीच उघडतो. गोल-लंबगोलांचे पुस्तक काय करते? त्याच पेटीत घोड्याची आणखी एक खूण टाकते. रोग्याला रोगाचाच डोस!

हे बोलणे हवेत राहू नये म्हणून ती खुर्चीच पाहू. साधी लाकडी खुर्ची घ्या. बैठक जमिनीपासून दीड फूट उंच, दीड फूट रुंद आणि खोली त्याहून जराशी कमी. ती बरोबर आपल्याकडे तोंड करून सात फुटांवर ठेवा आणि आपणही खुर्चीवर बसा. आता नवशिक्याला तिचे चित्र काढू द्या. बैठक चौकोनी असते हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो तिची खोली जवळजवळ रुंदीइतकीच काढील. चारही पाय जमिनीवर टेकलेले असतात हेही त्याला ठाऊक आहे, म्हणून चारही पायांची टोके तो एकाच रेघेवर आणून ठेवील. परिणामी खुर्ची पुढे कलंडलेली दिसेल आणि आपले काय चुकले हे त्याला कळणार नाही. कारण त्याला जे ठाऊक होते, त्यात काहीच चूक नव्हती!

आता मोजू या. पेन्सिल हातात आडवी धरा, हात पूर्ण ताठ करा, एक डोळा मिटा. पेन्सिलीचे टोक बैठकीच्या पुढच्या कडेच्या एका टोकाला लावा आणि दुसऱ्या टोकाशी अंगठा सरकवून आणा. हे झाले आपले माप. कोपर जराही वाकले की माप बदलते, तेव्हा कोपर ताठच हवे. या मापाने बैठकीची खोली मोजली, तर ती रुंदीच्या अवघी पाव भरते. पाव! नवशिक्याने तिप्पट-चौपट काढलेली असते. मागचे पाय पुढच्या पायांच्या रेघेवर टेकत नाहीत. पुढच्या पायाच्या उंचीच्या सुमारे दोन-पंचमांश वर जाऊन टेकतात. आपण उभे राहिलो की हे आकडे बदलतील, जवळ सरकलो तरी बदलतील. म्हणूनच ते पाठ करून उपयोग नाही. दरवेळी पाहावेच लागते.

दुसरा उपाय याहूनही गमतीचा. जुन्या लग्नपत्रिकेला मधोमध एक आयताकृती खिडकी कापा. तिच्यातून खुर्ची पाहा आणि कागदावर त्याच प्रमाणाची मोठी चौकट आखा. आता खुर्ची काढूच नका. दोन पायांमधली मोकळी जागा काढा, पाठीच्या पट्ट्यांमधल्या फटी काढा, खुर्ची आणि खिडकीची कड यांत उरलेला तुकडा काढा. मोकळ्या जागेची खूण आपल्या पेटीत नसते. तिच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नसल्यामुळे डोळ्याला निमूटपणे पाहावे लागते. सगळ्या मोकळ्या जागा जुळल्या की खुर्ची आपोआप उरते. कुठे बिघडले हे पाहायचे असेल तर कागद उलटा धरा. वाकडा पाय लगेच डोळ्यांत भरतो.

हे मी नवे काही सांगत नाही. असे शिकवणारी पुस्तके आहेत, आणि तीही आजची नव्हेत. इंग्रज लेखक जॉन रस्किन लंडनच्या कामगारांच्या कॉलेजात चित्रकला शिकवी. त्याने १८५७ साली नवशिक्यांसाठी तीन पत्रांच्या रूपात एक पुस्तक लिहिले, 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग'. त्यात आरंभी घोडा नाही की मांजर नाही. एक लहान चौकोन बारीक रेघांनी सारखा करडा भरा, हा पहिला धडा. पुढे साधा गोटा उचलून आणा आणि त्याच्यावरची छाया काढा. धोंडा हुबेहूब गोलाईने काढता आला की बाकीचे हाताच्या टप्प्यात आले, असे त्याचे म्हणणे. पुस्तक कडक आहे, वाक्ये लांबलचक आहेत आणि रस्किनला उपदेशाची खोड आहे. तरीही ते वाचकाला पानावरून उठवून अंगणात पाठवते.

अमेरिकेतले किमॉन निकोलाइडीझ यांचे 'द नॅचरल वे टू ड्रॉ' त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ साली निघाले. डोळा वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवायचा, पेन्सिल तितक्याच सावकाश चालवायची आणि कागदाकडे पाहायचे नाही, हा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास. चित्र हास्यास्पद येते. पण त्या अर्ध्या तासात आपल्या हाताच्या बोटाला किती सुरकुत्या आहेत ते जन्मात प्रथमच दिसते. पुस्तकाची उणीव एवढीच, की त्याचा पुष्कळसा अभ्यास समोर माणूस मॉडेल म्हणून बसेल असे धरून लिहिला आहे. आपल्या घरी फार तर दुपारी डुलकी घेणारे वडीलधारे मिळतात.

बेटी एडवर्ड्स यांचे 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन' १९७९ साली आले आणि जगभर गाजले. चित्र उलटे ठेवून नक्कल करणे, मोकळ्या जागा काढणे, खिडकीतून पाहणे हे सारे तीत एका क्रमाने लावून दिले आहे, आणि अगदी नवशिक्याला मी तेच पुस्तक सुचवीन. मात्र मेंदूचा उजवा भाग चित्रकार आणि डावा भाग कारकून, ही त्यातली वाटणी जशीच्या तशी खरी मानू नये; मेंदूच्या अभ्यासकांना ती इतकी सरळ आढळलेली नाही. अभ्यास करावा, मीमांसा सोडून द्यावी. औषध लागू पडते, वैद्याचे स्पष्टीकरण चुकते, असे आपण पाहतोच.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत भक्कम शस्त्र पाहू. ते म्हणतात, "अहो, व्हॅन गॉगसुद्धा पुस्तकातून नक्कल करूनच शिकला!" खरे आहे. १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बेल्जियमच्या खाणींच्या मुलखात बसून त्याने शार्ल बार्ग याच्या चित्रपाठातले तक्ते एकामागून एक उतरवले. पण ते तक्ते काय होते? तिथे घोड्याची पाककृती नव्हती. एक पुरे, अचूक रेखाटन समोर, आणि आपले त्याच्याशी केसाइतके जुळते की नाही ते पाहणे, एवढाच त्यातला व्यवहार. तेही पाहण्याचेच शिक्षण. शिवाय तो तिथे थांबला नाही. १८८२ साली हेग शहरी त्याने दोऱ्या ताणलेली एक लाकडी चौकट करवून घेतली आणि ती समुद्रकिनाऱ्यावर रोवून तीतून तो पाहू लागला. आपली लग्नपत्रिकेची खिडकी तिचीच धाकटी बहीण!

पेटी, नळकांडे, गोळा यांतून माणसाचे शरीर उभे करायला शिकवणारी अँड्र्यू लूमिस यांच्यासारख्यांची पुस्तके मी टाकाऊ म्हणत नाही. समोर नसलेला माणूस मनाने काढायचा असेल तर त्यांवाचून गत्यंतर नाही. पण ते दुसरे पुस्तक. डोक्याच्या बरोबर मध्यावर डोळे असतात हे त्यात वाचायच्या आधी, आरशासमोर पेन्सिल धरून ते एकदा स्वतः मोजलेले असावे. ज्याने मोजले नाही, तो डोळे कपाळावरच चढवतो आणि नियम वाचूनही चढवीत राहतो.

तेव्हा दुकानात पुस्तक हाती घ्याल तेव्हा एकच परीक्षा करा. मधले कोणतेही पान उघडा आणि पाहा, हा धडा करण्यासाठी मला पुस्तकातून मान वर काढून दुसरे काही पाहावे लागते का? तांब्या, चप्पल, खिडकीचे गज, समोर बसलेली आजी, काहीही चालेल. लागत असेल तर पैसे द्या. लागत नसेल, पुस्तक स्वतःकडेच पाहा म्हणत असेल, तर ते होते तिथे ठेवून द्या. उरल्या पैशांत एक जाड वही, टू बी पेन्सिल आणि खोडरबर येईल. खुर्ची तर घरात आहेच.