विश्लेषण : एआयने ‘सजवलेला’ फोटो पासपोर्ट आणि परीक्षेच्या अर्जाला का चालत नाही?

अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते आणि जवळ पासपोर्ट आकाराचा फोटो नसतो. मग मोबाइलवर सेल्फी काढून तो एखाद्या ॲपमध्ये टाकला जातो. काही सेकंदांत टी-शर्टच्या जागी कोट येतो, मागची भिंत पांढरी होते, त्वचा उजळते आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे जातात. फोटो अपलोड होतो, शुल्क भरले जाते, अर्ज क्रमांकही मिळतो. अडचण त्या दिवशी येत नाही. ती काही महिन्यांनी परीक्षा केंद्राच्या दारात येते. प्रवेशपत्रावरचा चेहरा आणि समोर उभा असलेला उमेदवार यांचा मेळ लागत नाही, तेव्हा तो फोटो मोबाइलवर किती छान दिसत होता याला काहीच अर्थ उरत नाही.

नियम काय सांगतात?

नीट आणि जेईई मेन या परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या (एनटीए) माहितीपुस्तिकांमध्ये याबाबत स्पष्ट ताकीद दिलेली असते. फोटो बनावट, म्हणजे आकार बिघडवलेला, हाताने काढलेला किंवा संगणकाने तयार केलेला वाटला, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि ते कृत्य गैरप्रकार मानले जाऊ शकते. पार्श्वभूमी पांढरी हवी, चेहऱ्याचा ८० टक्के भाग दिसायला हवा आणि कानही दिसायला हवेत, अशी अपेक्षा असते.

पासपोर्टसाठी संयुक्त राष्ट्रांशी संलग्न आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे (आयसीएओ) निकष जगभर पाळले जातात. परदेशातील भारतीय दूतावास आणि वाणिज्य दूतावासांनी १ सप्टेंबर २०२५ पासून पासपोर्ट अर्जासाठी त्यानुसार फोटो मागायला सुरुवात केली. फोटो ६३० बाय ८१० पिक्सेलचा, चेहरा ८० ते ८५ टक्के जागा व्यापणारा आणि सॉफ्टवेअरने न बदललेला असावा, असे या सूचना सांगतात. भारतात पासपोर्ट सेवा केंद्राच्या खिडकीवरच फोटो काढला जातो, त्यामुळे मोठ्यांसाठी हा प्रश्न येत नाही. चार वर्षांखालील बाळाचा फोटो मात्र पालकांना घरून न्यावा लागतो. बाळाच्या पाठीमागचा आईचा हात पुसणे किंवा मिटलेले डोळे ॲपने उघडणे हे प्रकार तिथेच होतात.

यंत्र चेहरा कसा ओळखते?

ओळखपत्रावरचा फोटो हे यंत्राच्या दृष्टीने चित्र नसते, तर मोजमाप असते. चेहरा ओळखणारे सॉफ्टवेअर आधी डोळे, नाक आणि तोंडाचे कोपरे शोधते, चेहरा सरळ करून घेते आणि मग त्याचे काहीशे आकड्यांच्या एका यादीत रूपांतर करते. दारात कॅमेऱ्याने टिपलेल्या चेहऱ्याचीही तशीच यादी बनते. दोन याद्यांमधले अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर व्यक्ती एकच, जास्त असेल तर वेगळी, असा निकाल लागतो.

दाढी वाढली, चष्मा लागला किंवा वय पाच वर्षांनी वाढले तरी ही यादी फार बदलू नये, असे प्रशिक्षण या सॉफ्टवेअरला दिलेले असते. पण जबड्याची रुंदी, डोळ्यांचा आकार, नाकाची ठेवण हेच बदलले, तर अंतर वाढत जाते. ‘ब्युटी’ फिल्टर नेमक्या याच गोष्टी बदलतात.

एका सेल्फीचे नेमके काय होते?

समजा, एका विद्यार्थिनीने हात लांब करून ४० सेंटिमीटरवरून सेल्फी काढला. नाकाचे टोक कॅमेऱ्यापासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर कान साधारण ५० सेंटिमीटरवर असतात. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून या फोटोत नाक कानांच्या तुलनेत जवळपास २५ टक्के मोठे येते. हाच फोटो दीड मीटरवरून काढला तर हा फरक सुमारे ७ टक्क्यांवर येतो. फोटो दीड मीटरवरून काढा असे का सांगितले जाते, त्याचे कारण हेच आहे.

आता हा सेल्फी ॲपकडे जातो. नाक मोठे दिसते म्हणून ॲप ते बारीक करते, पण किती बारीक करायचे हे त्याला त्या मुलीच्या नाकावरून कळत नाही. त्याने आधी पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांवरून ते अंदाज बांधते. जबडा ‘रेखीव’ करताना त्याने रुंदी फक्त ८ टक्क्यांनी कमी केली असे धरू. चेहरा १४ सेंटिमीटर रुंद असेल तर हा फरक एक सेंटिमीटरहून जास्त भरतो. केसांखाली कान झाकलेले होते, पण अर्जाला कान हवेत, म्हणून ॲप कान काढून देते. ते कान तिचे नसतात. गालावरचा तीळ आणि भुवईवरची जुनी खूण त्याला डाग वाटते, म्हणून तीही जाते. काही मोबाइलमध्ये सेल्फी आरशासारखा उलटा साठवला जातो, तेव्हा डाव्या गालावरची खूण उजवीकडे दिसते.

पर्यवेक्षक जेव्हा प्रवेशपत्र हातात धरून पाहतो, तेव्हा तो तीळ, व्रण, कानाची ठेवण अशाच खुणा शोधतो. म्हणजे यंत्राला हवे असलेले माप बदललेले असते आणि माणसाला हवी असलेली खूणही पुसली गेलेली असते.

जुना, पुसट फोटो ‘क्लिअर’ करून दिला तर तोही याच वर्गात मोडतो. चेहरा ४० पिक्सेल रुंदीवरून ४०० पिक्सेलपर्यंत वाढवला की एकूण पिक्सेल शंभरपट होतात. दर शंभरातील ९९ पिक्सेलची माहिती मूळ फोटोत नव्हतीच. ती सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेली असते.

चेहरा जुळत असेल, तरीही हरकत का?

हा प्रश्न रास्त आहे. हलका बदल केलेला फोटो अनेकदा यंत्र स्वीकारते, मग बंदी कशाला? याचे उत्तर प्रामाणिक उमेदवारात नाही, दुसऱ्या टोकाला आहे.

इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘जादूचा पासपोर्ट’ या नावाने एक शोधनिबंध मांडला. दोन व्यक्तींचे चेहरे संगणकाने मिसळून एकच फोटो बनवला, तर तो दोघांशीही जुळतो, हे त्यांनी दाखवले. आकड्यांच्या भाषेत, मिसळलेल्या फोटोची यादी दोघांच्या याद्यांच्या मध्ये कुठेतरी पडते आणि दोन्ही बाजूंचे अंतर मर्यादेच्या आत राहते. याला ‘मॉर्फिंग’ म्हणतात. अशा फोटोवर पासपोर्ट मिळाला तर तो कागद पूर्णपणे खरा असतो, चिपही खरी असते, फक्त तो दोघांना वापरता येतो. जर्मनीत २०१८ मध्ये एका कलाकार-कार्यकर्त्यांच्या गटाने एका कार्यकर्तीचा चेहरा युरोपीय संघाच्या तत्कालीन परराष्ट्र धोरण प्रमुख फेडेरिका मोगेरिनी यांच्या चेहऱ्यात मिसळून खरोखरच पासपोर्ट मिळवला होता. पुढे जर्मनीने १ मे २०२५ पासून अर्जदाराने कागदावर आणलेला फोटो घेणे बंद करून प्रमाणित स्टुडिओतून थेट येणारा किंवा कार्यालयातच काढलेला डिजिटल फोटो सक्तीचा केला.

परीक्षेत हीच युक्ती डमी उमेदवारासाठी वापरता येते. अर्ज भरणारा एक, पेपर लिहिणारा दुसरा आणि प्रवेशपत्रावरचा फोटो दोघांसारखा. पुढे प्रवेश घेताना खरा उमेदवार उभा राहिला तरी तो त्याच फोटोशी जुळतो.

अर्ज तपासणाऱ्याच्या हाती मात्र फक्त अंतिम फोटो असतो. त्वचा गुळगुळीत झालेली दिसते, कडा पुसट दिसतात, पण हे फक्त उजळ दिसण्यासाठी केले की दोन चेहरे जोडलेला सांधा लपवण्यासाठी, हे एकट्या फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही. मॉर्फ ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण न पाहिलेल्या पद्धतीने बनवलेल्या फोटोसमोर ती अडखळतात. व्यक्तीचा तिथेच काढलेला दुसरा फोटो तुलनेला असेल, तर काम बरेच सोपे होते. म्हणून नियम हेतू विचारत नाही, बदललेला फोटोच नाकारतो.

पासपोर्टच्या बाबतीत कायदाही लागू होतो. पासपोर्ट मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा असून दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो. ई-पासपोर्टमध्ये फोटो चिपमध्येही साठवला जातो, त्यामुळे आजची चूक दहा वर्षे प्रत्येक विमानतळावर सोबत राहते.

मग कोणता बदल चालतो?

साधी कसोटी अशी की चौकट बदलली तर चालते, चेहरा बदलला तर नाही. कडा कापणे, फोटो सरळ करणे, अर्जात मागितलेल्या केबीमध्ये फाइल बसवणे यात चेहऱ्याचे माप तसेच राहते. मात्र लांबी आणि रुंदी एकाच प्रमाणात कमी करावी. चौकटीत बसवण्यासाठी फोटो एकाच बाजूने दाबला की चेहरा लांबट होतो आणि ‘आकार बिघडवलेला’ या शेऱ्यात अडकतो.

पार्श्वभूमी ॲपने पांढरी करणेही टाळलेलेच बरे, कारण कापताना कानाची कड आणि केस खाल्ले जातात. खरी पांढरी भिंत किंवा ताणून बांधलेली पांढरी चादर, समोरून येणारा दिवसाचा उजेड, दीड मीटरवर मोबाइल धरलेली दुसरी व्यक्ती आणि मागचा कॅमेरा एवढे पुरते. काढण्याआधी कॅमेऱ्यातले ब्युटी आणि पोर्ट्रेट मोड बंद आहेत ना, हे पाहावे. अनेक मोबाइलमध्ये ब्युटी मोड आधीपासूनच सुरू असतो आणि वापरणाऱ्याला त्याची कल्पना नसते. स्टुडिओत गेल्यावरही ‘गोरा करू नका, डाग काढू नका’ असे आधीच सांगावे. बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून फोटो काढला की हात पुसायची वेळच येत नाही.

जबाबदारी फक्त उमेदवाराची का?

इथे यंत्रणेलाही प्रश्न विचारायला हवा. आधार केंद्रावर आणि पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो समोरच काढला जातो, म्हणून तिथे ही पळवाट नाही. कर्मचारी निवड आयोगानेही (एसएससी) अर्ज भरतानाच कॅमेऱ्यासमोर थेट फोटो घेण्याची पद्धत आणली आहे. जिथे अजून फाइल अपलोड करायला सांगितले जाते, तिथे फसवणुकीचे दार उघडे राहते आणि त्याचा फटका अजाण उमेदवारालाही बसतो.

थेट फोटोलाही मर्यादा आहेत. साधा मोबाइल, अंधारी खोली आणि अडखळणारे नेटवर्क असलेल्या उमेदवाराचा फोटो यंत्र विनाकारण नाकारू शकते. म्हणून फोटो नाकारल्यास तो अर्जाच्या टप्प्यावरच, कारण सांगून नाकारला जावा आणि दुरुस्तीसाठी पुरेसे दिवस मिळावेत. ‘संगणकाने तयार केलेला फोटो’ हे शब्द माहितीपुस्तिकेच्या आतल्या पानात असतात, तर फोटो निवडला जातो तो अपलोडच्या बटणापाशी. ती सूचना त्या बटणाच्या वर, मराठीसह उमेदवारांच्या भाषांमध्ये दिली, तर परीक्षा केंद्राच्या दारातले काही वाद तरी अर्ज भरतानाच मिटतील.