गांधीजींच्या तसबिरीशेजारचा ग्राहक

रिसोड तालुक्यातल्या आमच्या रिठदला 24 डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र हमखास येतं. एका बाजूला गांधीजींची तसबीर आणि दुसऱ्या बाजूला ग्राहकाचा गौरव: आपल्याकडे येणारा तो सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर आहोत, वगैरे. हाच मजकूर देशभर बँकांच्या आणि दुकानांच्या भिंतींवर चौकटीत टांगलेला असतो. माझं म्हणणं असं, की हे वाक्य गांधीजींचं म्हणून पुढे पाठवू नये. त्याला तीन उत्तरं मिळतात, आणि तिन्ही टिकत नाहीत.

पहिलं उत्तर म्हणजे, ‘एवढ्या बँकांत लावलंय, ते खोटं कसं असेल?’ बँकेचा फलक छापणारा छापखाना मजकुराचं मूळ शोधत बसत नाही. एका शाखेतलं पाहून दुसरी शाखा तोच फलक मागवते. शंभर भिंती झाल्या तरी साक्षीदार एकच राहतो, आणि तो कोण हे कुणालाच ठाऊक नसतं.

या अवतरणाच्या काही प्रतींवर मात्र पत्ता दिलेला असतो: ‘दक्षिण आफ्रिकेतील भाषण, 1890’. खोटेपणा इथेच उघडा पडतो. 1890 साली गांधीजी लंडनमध्ये कायदा शिकत होते. 1888च्या शरदात ते तिथे पोचले, जून 1891मध्ये बॅरिस्टर होऊन परत निघाले आणि दक्षिण आफ्रिकेत डर्बनला उतरले ते मे 1893मध्ये. शिवाय लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या समितीतसुद्धा बोलायला उभं राहणं त्यांना जमत नसे, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितलं आहे. ज्या वर्षी ज्या देशात माणूस नव्हताच, तिथे त्याने भाषण कसं केलं? ही तपासणी करायला विद्वान लागत नाही. अवतरणाखालचं साल आणि जागा घ्यायची आणि त्या साली तो माणूस कुठे होता ते चरित्रात पाहायचं.

कुणी म्हणेल, साल चुकलं असेल, वाक्य खरं असेल. ही शंका रास्त आहे. म्हणून पुढची पायरी म्हणजे त्यांच्या समग्र साहित्याचे शंभर इंग्रजी खंड. ते गांधी हेरिटेज पोर्टलवर फुकट वाचता येतात. शोधताना मराठी फलकावरचं वाक्य घेऊन जाऊ नये, कारण ते भाषांतर आहे आणि दर फलकावर वेगळं आहे. इंग्रजी मजकूर घ्यावा आणि त्यातलेही दोन-तीन ठळक शब्दच शोधावेत. खंडांत नाही म्हणजे ते कधी बोललेच नाहीत, असं काटेकोरपणे सिद्ध होत नाही, हे मी मान्य करतो. पण ‘हे त्यांचं आहे’ असा दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यायचा असतो, आणि तो आजवर कुणी दिलेला नाही.

उलट पुरावा आहे तो दुसरीकडचा. या मजकुराचं आतापर्यंत सापडलेलं सर्वांत जुनं ठळक रूप 1941 सालच्या अमेरिकेतलं आहे. ‘प्रिंटर्स इंक’ या जाहिरात व्यवसायाच्या नियतकालिकात ते केनेथ इलियट यांच्या नावाने छापलं गेलं. इलियट हे स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीविभागाचे उपाध्यक्ष. उद्या त्याहून जुनं रूप निघेलही. तरी गांधीजींसारख्या माणसाचं 1890चं वाक्य पन्नास वर्षं कुठेच न दिसता एका मोटारविक्रेत्याच्या तोंडून प्रकटतं, हे पटण्यासारखं नाही.

दुसरं उत्तर असं, की गांधीविचाराशी जुळतं ना, मग झालं. जुळण्यावरून कर्तृत्व ठरवायचं तर कुठलंही सद्वचन कुणाच्याही नावावर चढवता येईल. आणि हे खरंच जुळतं का? गांधीजी धनिकाला त्याच्या संपत्तीचा विश्वस्त म्हणत. ती संपत्ती समाजासाठी सांभाळायची, अशी ती जबाबदारी आहे. फलकावरच्या वाक्याची सगळी चिंता मात्र गिऱ्हाईक टिकवण्याची आहे.

तिसरं उत्तर सर्वांत लाडकं: विचार चांगला, मग कुणाचा का असेना! तसं असेल तर तसबीर काढून टाका. ती काढायला मन होत नाही, कारण वाक्याला वजन तिच्यामुळेच येतं. विक्रीप्रमुख बोलला तर ती धंद्याची शिकवण असते. गांधीजींच्या चेहऱ्याशेजारी तीच शिकवण व्रत वाटू लागते. सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही म्हणून कृषी केंद्रात भांडायला गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती या व्रताने काही पडत नाही. त्याच्या उपयोगाला बिलाची पावती, पिशवीवरचं लेबल आणि ग्राहक संरक्षण कायदा येतो. हा कायदा 1986 साली झाला, 2019मध्ये नव्याने आला, आणि त्याच्याच पहिल्या मंजुरीची आठवण म्हणून 24 डिसेंबर पाळला जातो.

म्हणून ते वाक्य आवडलंच असेल तर खुशाल पाठवावं, पण चेहऱ्याशिवाय, आणि खाली लिहावं: ‘गांधीजींच्या नावावर फिरतं, त्यांच्या लेखनात आधार मिळालेला नाही, 1941मध्ये अमेरिकेत केनेथ इलियट यांच्या नावाने छापलेलं आढळतं.’ ग्रुपवर आधीच पडलेलं असेल तर त्याच चित्राला उत्तर म्हणून ही ओळ जोडावी. वेगळी टाकली की ती वर सरकून जाते आणि चित्र तेवढं पुढे जात राहतं.