खुर्ची तशीच, माणूस मात्र खाली

महाराष्ट्रातल्या एखाद्या खासगी अनुदानित शाळेत कार्यकारिणी बदलली, की पहिला धक्का बहुधा मुख्याध्यापकांना बसतो. त्यांना कामावरून काढले जात नाही. 'उद्यापासून आपण सहायक शिक्षक म्हणून तास घ्यावेत, शाळेचा कार्यभार अमुक यांच्याकडे सोपवावा', एवढे दोन ओळींचे पत्र हातात पडते. कारण विचारले तर 'प्रशासकीय सोय' असे उत्तर मिळते. पगार सुरूच असल्यामुळे गावालाही त्यात फारसे वावगे वाटत नाही. परंतु अशा पत्राने पद खाली आणणे बेकायदा आहे, आणि हे संस्थाचालकांइतकेच शिक्षणाधिकाऱ्यांनीही लक्षात घ्यायला हवे.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७चा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये बडतर्फी, सेवासमाप्ती आणि पदावनती एकाच वाक्यात येतात. यांपैकी काहीही करायचे तर ते कायदा आणि नियम यांनुसारच करता येते. १९८१च्या नियमावलीने शिक्षांची यादी दिली आहे. तीत ताकीद आणि वेतनवाढ रोखणे या किरकोळ शिक्षा आहेत, तर पदावनती जबर शिक्षांमध्ये, सेवासमाप्तीच्या शेजारी आहे. ही जागा योग्यच आहे. मुख्याध्यापकपद गेले की वेतनश्रेणी जाते, पुढे निवृत्तिवेतनावर परिणाम होतो, आणि कालपर्यंत ज्यांच्या रजेच्या अर्जांवर सही केली त्यांच्याच सहीची आज वाट पाहावी लागते.

म्हणून या शिक्षेची वाटही लांबची ठेवली आहे. आधी आरोप लेखी कळवून खुलासा मागवायचा. तो समाधानकारक नसेल तर व्यवस्थापनाने चौकशीचा निर्णय घ्यायचा आणि तिघांची समिती नेमायची. मुख्याध्यापकांच्या बाबतीत त्या समितीत व्यवस्थापनाचा एक सदस्य असतो, एक स्वतः मुख्याध्यापकांनी सुचवलेला असतो आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांमधून घेतलेला असतो. आरोपपत्र द्यायचे, साक्षीदारांची उलटतपासणी होऊ द्यायची, बचावाचे म्हणणे नोंदवायचे, आणि हे सारे साधारण १२० दिवसांत आटोपायचे. प्रत्यक्षात मोडतोड होते ती समितीतच. मुख्याध्यापकांच्या प्रतिनिधीला बैठकीची सूचना मिळत नाही, उरलेले दोघे बसतात आणि अहवाल आधीच ठरल्यासारखा येतो. शाळा न्यायाधिकरणापुढे असे प्रकरण गेले, की आरोप खरे की खोटे हे पाहण्याच्या आधी समिती कायदेशीरपणे बसली होती का, हाच प्रश्न उभा राहतो. मुख्याध्यापकाने खरोखरच पैशांचा गैरव्यवहार केला असेल आणि केवळ चौकशी धड न केल्यामुळे तो सुटत असेल, तर त्याचा दोष घाई करणाऱ्या संस्थेकडे जातो.

आता दुसरी बाजू. प्रत्येक पदावनती ही शिक्षा नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत १५० पेक्षा अधिक मुले असतील तर मुख्याध्यापकाचे पद धरले जाते, सहावी ते आठवीत १०० पेक्षा अधिक असतील तर. गावे ओस पडताहेत, पटसंख्या घसरते आहे, आणि संचमान्यतेत पदच मंजूर झाले नाही तर त्यावरच्या माणसाने काही गैर केलेले नसताना पद जाते. त्यासाठी नियमावलीत स्वतंत्र तरतूद आहे. तुकड्या किंवा विद्यार्थी घटल्याने पदे कमी होत असतील, तर तीन महिन्यांची नोटीस, शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि सेवाज्येष्ठतेचे पालन करून कर्मचारी कमी करता येतो. अतिरिक्त ठरलेल्याला दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याची वाटही तिथेच आहे. नोटीस आणि परवानगीची ही शिस्त नोकरी जाण्यापुरती आहे, पद उतरण्यासाठी नाही, असे म्हणणे कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरेल.

मग एखादे पत्र शिक्षा आहे की फेररचना, हे ओळखायचे कसे? पत्रातल्या शब्दांवरून ते कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुरुषोत्तमलाल धिंग्रा प्रकरणात १९५७ सालीच यासाठी कसोटी दिली. धिंग्रा रेल्वेत वरच्या पदावर तात्पुरते काम करत होते आणि त्यांना मूळ पदावर परत पाठवले गेले. न्यायालयाने दोन गोष्टी पाहिल्या: त्यांचा वरच्या पदावर हक्क होता का, आणि परत पाठवण्याने वेतन, ज्येष्ठता किंवा पुढची बढती यांचे दंडात्मक नुकसान झाले का. दोन्हींचे उत्तर नकारार्थी आले आणि धिंग्रा हरले. तो निकाल सरकारी सेवेतला आणि संविधानाच्या कलम ३११ खालचा असला, तरी त्यातला विचार शाळांनाही लागू करण्याजोगा आहे. प्रभारी म्हणून खुर्चीवर बसवलेल्याला ती सोडायला सांगणे ही शिक्षा नव्हे. ज्येष्ठ शिक्षकाला डावलून दिलेली बढती न्यायाधिकरणाने रद्द केली आणि बढती मिळालेला परत खाली आला, तर तीही शिक्षा नव्हे.

शाळेच्या बाबतीत आणखी एक साधी कसोटी आम्हाला पुरेशी वाटते. पद संचमान्यतेत उरले आहे का? समजा, शाळेचा पट १८० आहे, मुख्याध्यापकाचे पद मंजूर आहे, मुख्याध्यापिका कायम आहेत, आणि जूनमध्ये त्यांना सहायक शिक्षिका करून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ शिक्षकाकडे कार्यभार दिला. इथे फेररचना काहीच झालेली नाही. खुर्ची तिथेच आहे, फक्त तिच्यावरचा माणूस बदलला. उलट पट ९० वर आला, पद मंजूर झाले नाही, नोटीस दिली गेली, परवानगी आली आणि खुर्चीवर नंतर कोणीही बसले नाही, तर तक्रारीला फारसा आधार राहत नाही.

शिक्षा म्हणूनही किती खाली उतरवता येते, याला मर्यादा आहे. हुसेन सासनसाहेब कलादगी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या पदावर माणूस थेट भरतीने आला त्याखाली त्याला परत पाठवता येत नाही. परत जायचे ते बढतीपूर्वीच्या पदावर. पुढच्याच वर्षी न्यादर सिंग प्रकरणात हेच तत्त्व शिस्तभंगाच्या शिक्षेलाही लावले गेले. म्हणून एखाद्या संस्थेने थेट जाहिरात देऊन मुख्याध्यापक नेमला असेल, तर त्याला सहायक शिक्षक करण्याआधी हे निकाल वाचावेत.

कायद्याने अपिलाचा मार्गही दिला आहे. पदावनतीचा आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात जाता येते, आणि न्यायाधिकरण मूळ पद व थकबाकी परत देण्याचा आदेश देऊ शकते. पण एक भगदाड राहते. संस्था मुख्याध्यापकांकडून 'मी स्वखुशीने पद सोडतो' असे लिहून घेते आणि मग आदेशच निघत नाही. राजीनाम्यासाठी कलम ७ मध्ये दोन प्रती, तारीख आणि नोंदणीकृत टपाल असे संरक्षण आहे. पदावरून खाली येण्याच्या संमतीलाही तेवढेच संरक्षण हवे. सरकारने नियमात बदल करून असे पत्र शिक्षणाधिकाऱ्यांसमोर, संस्थेचा कोणीही प्रतिनिधी हजर नसताना, तपासण्याची सक्ती करावी. तोवर शिक्षणाधिकाऱ्यांनी नव्या मुख्याध्यापकाच्या सहीला मान्यता देण्याआधी जुन्या मुख्याध्यापकाच्या चौकशीचा अहवाल किंवा संचमान्यतेची प्रत मागावी. यांपैकी एकही कागद आला नाही, तर मान्यता रोखून धरण्याचे धैर्य दाखवावे.