लघवीची गोळी: अर्धी-अर्धी केल्याने काय होते?

हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाची किडनीही थोडी मंदावली की फ्युरोसेमाइडची, म्हणजे लघवीच्या गोळीची, भीती वाटू लागते. मग ४० मिलिग्रॅमची गोळी 'सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी' होते. सावधगिरी म्हणून केलेली ही विभागणी माझ्या मते बहुतेक वेळा चुकीची असते.

हे औषध रक्तात प्रथिनांना चिकटून फिरते, त्यामुळे किडनीच्या गाळणीतून ते जवळजवळ गळतच नाही. नलिकेच्या सुरुवातीच्या पेशी ते रक्तातून उचलून आत, लघवीत सोडतात. तिथून ते पुढच्या हेन्लेच्या वळशात पोहोचते. गाळलेल्या मिठापैकी साधारण पाव हिस्सा शरीर तिथे परत ओढून घेते. औषध ते ओढणे थांबवते, मग मीठ आणि त्याच्यामागे पाणी बाहेर पडते.

पण नलिकेत औषध ठराविक पातळीच्या वर जावे लागते. त्याखाली जवळजवळ काहीच होत नाही. विहिरीवरची मोटर कमी व्होल्टेजवर नुसती घुमते, पाणी चढत नाही, तसेच हे. किडनी मंद असेल तर औषध आत कमी पोहोचते, आतड्याला सूज असेल तर ते रक्तातच हळू शिरते. म्हणजे कमकुवत किडनीला एका वेळचा डोस कमी नव्हे, जास्त लागतो.

साठीचे एक ऊसकरी शेतकरी आले. क्रिएटिनिन १.८, वजन महिन्यात ६१ वरून ६६ किलो, रात्री उशाला तीन उशा. गोळी २० अधिक २० अशी चालू. मी विचारले, "काका, गोळी घेतल्यावर लघवीला किती वेळा जाता?"

"रोजच्यासारखंच, डॉक्टर."

या एका उत्तरावरून कळते की डोस पातळीखाली आहे. एकदम ८० दिल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत ते चार वेळा जाऊन आले. सहा तासांनी असर ओसरतो आणि किडनी पुन्हा मीठ धरू लागते, म्हणून दुसरी ८० ची मात्रा दुपारी दिली, संध्याकाळी नाही. नाहीतर रात्रीची झोप जाते. जेवणातले लोणचे-पापड बंद केले, कारण असर नसलेल्या तासांत तेच मीठ पाणी परत भरते.

वजन रोज अर्धा-पाऊण किलो उतरले. पाचव्या दिवशी पोटॅशियम ठीक होते, क्रिएटिनिन २.० झाले. इथे पुष्कळजण घाबरून गोळी थांबवतात. सूज उतरत असेल, रुग्ण ताजातवाना असेल तर एवढी वाढ मी सोसतो. ६१ वर आल्यावर दुपारची मात्रा काढली.

उलट उठताना चक्कर येत असेल, जीभ कोरडी असेल, जुलाब-उलट्या होत असतील, तर हाच डोस घातक ठरतो. तेव्हा थांबायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे. डोस घरी आपल्या मनाने वाढवायचाही नाही. रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, एकाच काट्यावर घेतलेले वजन मात्र वहीत लिहून आणा. डोस ठरवताना मी आधी ती वही उघडतो.