मार खाणाऱ्याची सही, मारणाऱ्याची सोय

गुन्हा घडला की तो एका माणसाविरुद्ध न राहता समाजाविरुद्ध घडला असे कायदा मानतो आणि खटला सरकार चालवते. याला एक जुना अपवाद आहे. काही गुन्हे ज्याचे नुकसान झाले त्याला आरोपीशी आपसात मिटवता येतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये ही तरतूद होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आली. तिचे दोन तक्ते आहेत. पहिल्यातले गुन्हे मिटवायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्यातले मिटवायला ज्या न्यायालयात खटला चालू आहे त्याची परवानगी लागते. दोन्हींत नसलेला गुन्हा आपसात मिटवताच येत नाही, हे त्याच कलमात स्वच्छ लिहिले आहे. तडजोड मान्य झाली की आरोपी निर्दोष सुटतो. शिक्षा माफ झाली असा त्याचा अर्थ नसतो. कायद्याच्या लेखी तो दोषी ठरलेलाच नसतो.

या पहिल्या तक्त्याकडे आता बुलढाण्याने जरा निरखून पाहावे. बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी 8 जुलै 2025 च्या रात्री मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात वरण शिळे निघाले म्हणून उपाहारगृहातल्या कर्मचाऱ्याला ठोसे लगावले. त्याची चित्रफीत सगळ्या राज्याने पाहिली. आपल्याला पश्चात्ताप नाही हेही आमदारांनी सांगून टाकले. मार खाणारा तक्रार द्यायला पुढे आला नाही आणि तक्रारच नाही म्हणून कारवाई नाही, असा घोळ काही दिवस चालला. अखेर 11 जुलैला मरीन ड्राइव्ह पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तोही अदखलपात्र. भारतीय न्याय संहितेची कलमे लावली ती 115(2), म्हणजे इच्छापूर्वक दुखापत, 352, म्हणजे शांतताभंगाला चिथावणी देणारा अपमान, आणि सोबत समान उद्देशाचे 3(5). अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. आधीच लंगडा असलेला हा गुन्हा मिटवायला किती सोपा आहे ते पाहा. दुखापत पहिल्या तक्त्यात आहे, अपमानही पहिल्या तक्त्यात आहे आणि समान उद्देशाने केलेले कृत्य मूळ गुन्ह्याच्या मागोमाग मिटते. म्हणजे ज्याने मार खाल्ला त्याची एक सही पुरेशी आहे. तिला न्यायाधीशाची संमती लागत नाही, सरकारी वकिलाचीही लागत नाही.

मिटवण्याचा हक्क मार खाणाऱ्याचा आहे, हे कायद्याने नि:संदिग्ध सांगितले आहे. तक्त्याचा शेवटचा रकानाच त्यासाठी आहे. दुखापतीत ज्याला दुखापत झाली तो, अपमानात ज्याचा अपमान झाला तो, चोरीत ज्याचा माल गेला तो. उपाहारगृहाच्या ठेकेदाराला तो हक्क नाही. पक्षाच्या नेत्याला नाही आणि ठाणेदारालाही नाही. पण हा रकाना लिहिणाऱ्याने गृहीत धरले आहे की मारणारा आणि मार खाणारा एकाच ओट्यावर बसतात. ताट वाढणारा कामगार आणि विधानसभेचा सदस्य एकमेकांसमोर बसून मोकळेपणाने तडजोड करतील, यावर विश्वास ठेवायला फार भोळेपणा लागेल. या माणसाची नोकरी ठेकेदाराच्या हातात आहे, ठेकेदाराचा ठेका सरकारच्या हातात आहे आणि सरकारला आमदारांची गरज आहे. घटनेनंतर अन्न व औषध प्रशासनाने त्या ठेकेदाराचाच परवाना निलंबित केला. ती कारवाई कदाचित योग्यही असेल. पण मार खाणाऱ्याने त्यातून काय ओळखायचे ते ओळखले असणार.

आणखी एक विसंगती याहून जास्त खटकणारी आहे. आजी-माजी खासदार-आमदारांवरचा कोणताही खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2021 रोजी दिला. राज्य सरकारे आपापल्या माणसांवरचे खटले सरकारी वकिलामार्फत गुपचूप काढून घेतात, हे दिसल्यावर हा आदेश आला. म्हणजे सरकारला आमदारावरचा खटला मागे घ्यायचा तर उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. आणि पहिल्या तक्त्यातला तोच खटला त्या आमदाराला एका कामगाराच्या सहीने संपवता येतो. पुढचे दार कुलूपबंद ठेवून मागची खिडकी सताड उघडी ठेवण्याचा हा प्रकार आहे.

परवानगी कुठे लागते आणि कुठे नाही, हे तरी शहाणपणाने ठरवले आहे का? जिल्ह्यातल्या कोणत्याही न्यायालयात रोज दिसणारे धुऱ्याचे भांडण घ्यावे. पेरणीच्या दिवसांत एका भावाच्या ट्रॅक्टरने धुरा फोडला आणि दुसऱ्या भावाचे दोन तास गिळले. शब्दाने शब्द वाढला. मारामारीत नुसता मुका मार लागला तर ती साधी दुखापत, पहिला तक्ता. संध्याकाळी पारावर बसून मिटवा. धक्का लागून मनगटाचे हाड मोडले तर ती जबर दुखापत, कलम 117(2), शिक्षा सात वर्षांपर्यंत. ती दुसऱ्या तक्त्यात आहे, न्यायालयाच्या परवानगीने मिटते. पण हातातला विळा लागून दंडावर चार टाके पडले तर धारदार हत्याराने दुखापत, कलम 118(1), शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ती कोणत्याच तक्त्यात नाही. सात वर्षांचा गुन्हा मिटतो आणि तीन वर्षांचा मिटत नाही. हत्याराची भीती कायद्याने वेगळी मोजावी हे समजू शकते. पण फिर्यादीत पाच नावे घातली की बेकायदा जमाव आणि दंगलीची कलमे लागतात आणि तीही आपसात मिटत नाहीत. चुलत्याचे आणि भाच्याचे नाव त्यात का घुसडले जाते, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. भांडण आपसात मिटण्याजोगे आहे की नाही, याचा निकाल अशा वेळी फिर्याद लिहिणाऱ्या जमादाराच्या पेनातून उतरतो.

मग भाऊ एकत्र आले, मधल्या लोकांनी धुरा मोजून दगड रोवला, तरी खटला उरतोच. कायदेशीर वाट एकच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली अर्ज करून गुन्हा रद्द करून घ्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या ज्ञान सिंग खटल्यात सांगितले की, उच्च न्यायालयाचा हा अधिकार तडजोडीच्या तक्त्यांहून वेगळा आहे. खासगी स्वरूपाचे वाद मिटले असतील तर तो वापरता येतो, खून, बलात्कार, दरोडा यांसारख्या गुन्ह्यांत वापरू नये. पण मेहकर-लोणारच्या शेतकऱ्याने वकील लावून तीनशे किलोमीटरहून दूर नागपूरला कशासाठी जायचे? तो जात नाही. तो दुसरी वाट धरतो आणि ती सगळ्या तालुका न्यायालयांना पाठ आहे. फिर्यादी पिंजऱ्यात उभा राहून सांगतो की अंधार होता, कुणी मारले दिसले नाही. पंच म्हणतात, सही कोऱ्या कागदावर घेतली. सरकारी वकील त्यांना फितूर जाहीर करतो, दोन प्रश्न विचारतो आणि आरोपी पुराव्याअभावी सुटतो. तडजोड झालीच, फक्त शपथेवर खोटे बोलून झाली.

दुसऱ्या तक्त्यातली परवानगी म्हणजे नेमके काय, हेही पाहायला हवे. दोन्ही पक्ष सह्या करून तडजोडीची पुरसीस दाखल करतात. न्यायाधीशाने जखमीला समोर बोलावून ओळख पटवायची, आपखुशीने मिटवता का, कुणाचा दबाव आहे का, ठरलेली रक्कम मिळाली का, हे विचारायचे, जखमेचा दाखला पाहायचा आणि मग परवानगी द्यायची किंवा नाकारायची. जखमी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने कोण बोलतो आहे, हेही तपासायचे. नाकारण्याचा अधिकार असतो म्हणूनच तिला परवानगी म्हणतात. राष्ट्रीय लोक अदालतीच्या दिवशी ढिगाने पुरसीस येतात, निकाली प्रकरणांचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो आणि हे चार प्रश्न बहुधा त्या आकड्याखाली चिरडले जातात. तरीही हे चार प्रश्न विचारले जाण्याची निदान सोय दुसऱ्या तक्त्यात आहे. पहिल्यात तीही नाही. मिटवण्याचा हक्क मार खाणाऱ्याचा, पण तो त्यानेच आणि मनापासून वापरला का, हे विचारायला कायद्याने कुणालाच बांधलेले नाही.

दबावाची ही जाण राज्याला नाही असेही नाही. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तेव्हा त्यातला गुन्हा मिटवायला पीडिताची संमती आणि वर न्यायालयाची परवानगी, अशी दोन्हींची अट घातली. जातपंचायतीपुढे एकटा माणूस वाकतो, हे विधिमंडळाला तेव्हा कळले होते. आपल्याच सदस्यापुढे उपाहारगृहातला कामगार वाकतो, हे कळायला अडचण कसली?

उपायही नवा शोधायचा नाही. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे. राष्ट्रपतींच्या मंजुरीने राज्याला आपली दुरुस्ती करता येते. आंध्र प्रदेशाने 2003 मध्ये तशी करून पत्नीच्या छळाचा, म्हणजे तेव्हाच्या कलम 498-अ चा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटवण्याजोगा केला. त्यात एक अट घातली. तडजोडीचा अर्ज आल्यापासून किमान तीन महिने थांबायचे आणि त्या काळात दोघांपैकी कुणी माघार घेतली नाही तरच तो स्वीकारायचा. महाराष्ट्राने याच धर्तीवर दोन बदल करावेत. आरोपी लोकप्रतिनिधी किंवा लोकसेवक असेल तर पहिल्या तक्त्यातला प्रत्येक गुन्हा दुसऱ्या तक्त्यातला समजावा आणि त्याला तीन महिन्यांची मुदत लावावी. आणि धुऱ्यावरच्या विळ्याचा गुन्हा, ज्याची दुखापत टाक्यांपुरती आहे तो, त्याच दुसऱ्या तक्त्यात आणून मेहकरच्या न्यायाधीशाला परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार द्यावा. हे विधेयक मांडायचे त्याच सभागृहात, ज्याच्या सदस्यांसाठी ते आमदार निवास बांधले आहे.