विश्लेषण : रीलचे पहिले तीन सेकंद, आकडा मोठा म्हणजे सुरुवात चांगली?

रील चालली की नाही, हे ठरवताना आजकाल एकच आकडा आधी पाहिला जातो : किती जण तीन सेकंदांच्या पुढे थांबले. आकडा उपयोगी आहे. पण पहिली फ्रेम न तपासता केवळ त्यावर विसंबणारे चुकीच्या सुरुवातीलाच चांगले ठरवून बसतात.

तीन सेकंदांचा दर म्हणजे काय?

व्हिडीओ हजार वेळा समोर आला आणि ६१० वेळा तीन सेकंदांपर्यंत पाहिला गेला, तर दर ६१ टक्के. मात्र प्रत्येक मंचाची मोजणी वेगळी असते. इन्स्टाग्राम उलट बाजूने, म्हणजे सुरुवातीलाच किती जणांनी रील पुढे सरकवली, ते दाखवते. यूट्यूब शॉर्ट्समध्ये ‘पाहिला’ आणि ‘सरकवला’ अशी विभागणी असते. त्यामुळे एका मंचावरचा दर दुसऱ्याशी ताडून पाहू नये.

कशाला कशाने भागले, यावर सारे अवलंबून असते. फेसबुकने २०१६ मध्ये कबूल केले होते, की व्हिडीओ पाहण्याचा सरासरी वेळ काढताना तीन सेकंदांपेक्षा कमी पाहणारे हिशेबातच धरले नव्हते. साहजिकच सरासरी फुगली होती.

पहिली फ्रेम कशी तपासायची?

येथे पहिली गल्लत होते ती कव्हरची. प्रोफाइलवर दिसणारे सुंदर कव्हर वेगळे. स्क्रोल करणाऱ्यासमोर येते ती व्हिडीओची खरी पहिली फ्रेम, आणि अनेकदा ती काळी किंवा धूसर असते. व्हिडीओ शून्य सेकंदावर थांबवून स्क्रीनशॉट घ्यावा. खालचा मजकूर आणि उजवीकडची बटणे यांखाली अक्षरे झाकली जात नाहीत ना, ते पाहावे. मग तो स्क्रीनशॉट विषय माहीत नसलेल्या पाच जणांना फोनवर क्षणभर दाखवून विचारावे, ‘हे कशाबद्दल आहे?’ उत्तरे व्हिडीओ टाकण्याआधीच लिहून ठेवावीत. आकडा कळल्यावर प्रत्येकाला आपली फ्रेम ‘तशी बरीच होती’ असे वाटू लागते.

दोन्ही निकाल जुळले नाहीत तर?

खरी माहिती तिथेच मिळते. समजा, साबुदाण्याची खिचडी चिकट का होते, यावर एकाच रीलच्या तीन सुरुवाती केल्या आणि प्रत्येक हजार वेळा दाखवली गेली.

पहिलीत काळ्या पडद्यावरून ‘नमस्कार मंडळी’. पाचांपैकी एकालाही विषय कळला नाही, दर ४२ टक्के. दुसरीत उलथण्याला चिकटलेला गोळा आणि ‘खिचडी चिकट का होते?’ ही ओळ. चौघांना विषय कळला, दर ६१ टक्के. तिसरीत डोळे विस्फारलेला चेहरा आणि ‘ही चूक तुम्हीही करताय, शेवटपर्यंत पाहा’ अशी लांबलचक ओळ. विषय एकालाही कळला नाही, तरी दर ६८ टक्के!

नुसता आकडा पाहणारा तिसरी निवडेल. पण १५ व्या सेकंदाला दुसरीचे २९० प्रेक्षक टिकून आहेत आणि तिसरीचे ११०. तिसरीत लोक थांबले ते ओळ वाचायला आणि हे काय आहे ते समजून घ्यायला. तेवढ्यात तीन सेकंद उलटले आणि त्यांची नोंद झाली. गोंधळामुळे थांबणे आणि रस वाटून थांबणे यांतला फरक हा दर ओळखत नाही; पहिली फ्रेम आणि पुढचा आलेख ओळखतात.

उलटेही घडते. फ्रेम स्पष्ट असते, तरी दर पडतो. अशा वेळी आलेखात पाहावे, लोक कुठे गळले. दुसऱ्या सेकंदाला लोगो किंवा ‘स्वागत आहे’ आले असेल, तर दोष फ्रेमचा नाही, तिच्या पाठोपाठ आलेल्या तुकड्याचा आहे.

आकड्यावर विश्वास कधी ठेवावा?

दोनशे वेळा दाखवलेल्या दोन रीलपैकी एकीचा दर ५५ आणि दुसरीचा ६१ टक्के असेल, तर तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. हजारांच्या घरात १९ टक्क्यांचा फरक तसा नसतो. शिवाय प्रेक्षक कोण, हेही पाहावे. ओळखीचे फॉलोअर चेहरा पाहूनच थांबतात; अनोळखी माणसाला विषय दिसावा लागतो. दोन सुरुवातींची तुलना करायची, तर दोन्ही सारख्याच प्रेक्षकांपुढे गेल्या पाहिजेत.

म्हणून क्रम असा हवा : आधी फ्रेम, मग तीन सेकंद, मग पंधरा. फ्रेम नापास आणि दर उत्तम, अशी रील दिसली की आनंद होण्याऐवजी शंका यावी. तिने प्रेक्षकाला थांबवले आहे, पण कशासाठी, ते अजून सांगितलेले नाही.